तीस सेकंदांचा धडा

(मंडळाच्या युवक अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रस्ता सुरक्षेवर तीस सेकंदांचे कार्टून करावयाचे तर ते लिहावे कसे, हा विषय मला दिलेला आहे. मी बँकेत कारकून आहे, चित्रकार नव्हे. परंतु एकांकिका लिहिण्याच्या नादातून ॲनिमेशन करणाऱ्या दोन तरुण मित्रांशी ओळख झाली आणि त्यांच्यासाठी अशा छोट्या संहिता लिहिण्याचे काम गेली काही वर्षे चालू आहे. त्या कामातले सगळे आज सांगत बसणार नाही. एकच संहिता घेतो आणि ती पहिल्या सेकंदापासून तिसाव्या सेकंदापर्यंत आपण मिळून लिहू.

आधी तीस सेकंदांचे माप लक्षात घ्या. दूरदर्शनच्या पडद्यावर एका सेकंदाला पंचवीस चित्रचौकटी जातात, म्हणजे तीस सेकंदांत 750. हाताने काढणारा चित्रकार बहुधा एक चित्र दोन चौकटींना वापरतो, तरीही पावणेचारशेच्या आसपास चित्रे होतात. आपण कागदावर सहज लिहितो, "मग तो बाजारातून धावत सुटतो." त्या एका वाक्यापायी कोणाचा तरी आठवडा जातो! म्हणून संहिता लिहिणाऱ्याने प्रत्येक वाक्याशेजारी सेकंद लिहावेत. कागदाच्या मधोमध रेघ मारावी, डावीकडे काय दिसते ते, उजवीकडे काय ऐकू येते ते. आणि घड्याळ समोर ठेवून मोठ्याने वाचून पाहावे. तीस सेकंदांत भरभर बोलून पन्नाससाठ शब्द बसतात खरे, पण मग चित्राला श्वास घ्यायला जागा उरत नाही. वीस शब्दांच्या आत काम भागले तर उत्तम. आपल्या संहितेत किती लागतात ते शेवटी मोजू.

आता धडा निवडूया. "रस्त्यावर सांभाळून चाला" हा धडा नव्हे, ती इच्छा आहे. ऐकणाऱ्या मुलाने नेमके काय करायचे ते त्यात नाही. धडा म्हणजे एक ठिकाण, एक क्षण आणि त्या क्षणी करावयाची एक कृती. मी ठिकाण घेतो ते आपल्या सर्वांच्या ओळखीचे, गावाचा एसटी थांबा.

एसटी थांबते. दार डाव्या अंगाला असते, त्यामुळे मूल डावीकडे उतरते. घर पलीकडे असेल तर ते एसटीच्या तोंडावरून वळसा घालून धावत सुटते. त्याच वेळी मागून आलेला टेम्पो थांबलेल्या एसटीला उजवीकडून ओलांडत असतो. मुलाला टेम्पो दिसत नाही आणि टेम्पोवाल्याला मूल दिसत नाही, कारण दोघांच्या मध्ये अख्खी एसटी उभी असते. टेम्पोचा वेग ताशी पन्नास किलोमीटर धरला तर एका सेकंदाला तो सुमारे चौदा मीटर जातो. एसटीची लांबी अकराबारा मीटर. म्हणजे एसटीच्या मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत यायला टेम्पोला पुरता सेकंदही लागत नाही. आणि मूल दिसल्यावर पाय ब्रेकवर जायलाच माणसाला एक सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. एसटीच्या कोपऱ्यातून मूल बाहेर पडले की चालक कितीही चांगला असो, त्याच्या हातात काही राहिलेले नसते.

यावर मुलाला काय सांगायचे? "दोन्हीकडे बघ" हे पुरत नाही. एसटीच्या तोंडाशी उभे राहून बघितले तर पत्राच दिसणार. "गाडी किती लांब आहे, किती वेगात आहे ते बघून ठरव" असे सांगावे, तर लहान मुलांना ते जमत नाही. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ स्टिना सँडेल्स यांनी रहदारीतील लहान मुलांवर पुष्कळ अभ्यास करून 1968 साली पुस्तक लिहिले. मोठ्यांच्या रहदारीत वावरण्याची क्षमताच लहान वयात पुरती आलेली नसते, शिकवून तिची भरपाई होत नाही, असे त्यांचे सांगणे होते. तेव्हा मुलाला हिशेब करावा लागणार नाही असा धडा हवा. तो असा : एसटी निघून जाईपर्यंत थांब. यात वेग नाही, अंतर नाही. एसटी आहे की गेली, एवढेच बघायचे. पाच वर्षांच्या पोरालाही ते कळते.

असा प्रयोग परदेशात जुना आहे. इंग्लंडमध्ये टफ्टी नावाच्या खारीच्या बाहुलीपटांची एक मालिका होती. 1970 च्या दशकात ती तेथल्या दूरदर्शन संचावर दाखवीत. त्यातल्या एकात आइस्क्रीमची गाडी येते. टफ्टी आईला बरोबर घेऊन जातो. त्याचा मित्र विली एकटाच धावतो आणि मोटारीचा धक्का लागून पडतो. धोका आपल्या एसटीसारखाच आहे, उभ्या गाडीच्या आडोशाचा. पण लिहिणाऱ्याने आडोशाचे शास्त्र सांगितलेले नाही. "आईला घेऊन जा" एवढीच कृती निवडली, कारण बघणारे मूल चारपाच वर्षांचे. धडा प्रेक्षकाच्या वयाला असा बेतावा लागतो. आपल्याकडे शाळेतून एसटीने येणाऱ्या मुलाबरोबर आई नसते, म्हणून आपली कृती वेगळी.

आता गोष्ट. शाळेतून येणारी एक मुलगी, तिला आपण सोनी म्हणू. रस्त्यापलीकडे तिची आजी उभी. मुलगी धावते यासाठी काहीतरी कारण हवे आणि ते प्रेमाचे असावे. खोडकर, न ऐकणारा मुलगा दाखवला की बघणारे पोर म्हणते, "मी काही असा नाही," आणि सुटते. आजीकडे कोण धावत नाही?

पहिले तीन सेकंद : एसटी येते, करकचून थांबते. पुढचे तीन सेकंद : सोनी उतरते, एसटीच्या तोंडापलीकडे तिला आजी दिसते, आजी हात वर करते. पुढचे तीन सेकंद : सोनी धावत निघते, एसटीच्या पुढच्या कोपऱ्याशी येते, एक पाय उचलते. नऊ सेकंद झाले. अजून कोणी एक अक्षर बोललेले नाही.

आणि येथे, पाय हवेत असताना, सगळे थांबते. आवाजही थांबतो. एसटीचा तांबडा पत्रा हळूहळू काचेसारखा होतो आणि आरपार दिसू लागते. पलीकडे टेम्पो येतो आहे, चालक पुढे बघतो आहे, त्याच्या डोळ्यांसमोर नुसती एसटी. याला मी चार सेकंद देतो. तीस सेकंदांत चार सेकंद म्हणजे चैन वाटेल, परंतु हेच या कार्टूनचे मर्म आहे. हे काम कार्टूनचेच का, खरी एसटी आणि खरी मुलगी घेऊन चित्रीकरण का नको, याचे उत्तर या चार सेकंदांत आहे. पेन्सिलीला एसटी आरपार करणे फुकट पडते. ज्या संहितेत असे एकही ठिकाण नाही, तिचे कार्टून कशाला करायचे, असे मी मित्रांना विचारतो. शिवाय या चार सेकंदांत सोनी आणि एसटी स्थिर, हलतो फक्त टेम्पो, त्यामुळे चित्रकाराचेही काम वाचते. (तो यासाठी तुम्हाला चहा पाजील.)

तेरा सेकंद झाले. पत्रा पुन्हा पत्रा होतो, सोनीचा पाय जागेवर खाली येतो आणि टेम्पो तिच्या नाकासमोरून सूंऽऽ करत जातो. वेण्या उडतात. अपघात दाखवायचा नाही. याबद्दल वाद होतो. काही मंडळी म्हणतात, रक्त दाखवल्याशिवाय धाक बसत नाही. माझे मत असे की लहान मूल रक्त बघून डोळे मिटते आणि डोळे मिटले की पुढची कृती त्याला दिसत नाही. दुसरीही गोष्ट आहे. चुकीची कृती जितकी लांबवून, रंगवून दाखवाल तितकी तीच ध्यानात राहते. म्हणून धावणे तीन सेकंदच आणि तेही अर्धे तोडलेले.

आता एक अडचण पाहा. सोनी एसटीच्या तोंडासमोर उभी आहे. तिला तेथेच उभी ठेवून आपण लिहिले, "एसटी निघून जाते," तर ती जाणार कोठून? मुलीच्या अंगावरून? चित्रकाराने कागदावर चौकटी मांडल्या की अशा गोष्टी लगेच दिसतात, वाक्यात त्या लपून राहतात. शिवाय तोंडाला चिकटून उभे असलेले बुटके मूल उंच बसलेल्या एसटी चालकालाही दिसत नाही. म्हणून सोनीला मागे फिरवून थांब्याच्या लिंबाखाली, रस्त्याच्या कडेला आणले पाहिजे. टेम्पो जाण्याला आणि सोनीच्या माघारी येण्याला मिळून चार सेकंद. सतरा झाले.

अठराव्या सेकंदाला कंडक्टरची डबल बेल. टिंग टिंग! हा आवाज आपल्या कानात बालपणापासून मुरलेला आहे, एक टोला थांबायचा, दोन टोले निघायचे. ही संहिता वाचून एक उत्साही तरुण मला म्हणाला, "काका, डबल बेललाच धडा करा की. बेल ऐकली की ओलांडायचे." कल्पना मोहात पाडणारी आहे. आवाज खरा आहे, रोजचा आहे, मुलाला फुकटात आठवण करून देणारा आहे. पण विचार करा. डबल बेल झाली म्हणजे एसटी हलणार आहे, गेलेली नाही. त्या क्षणी पोर निघाले तर एसटीच्याच चाकाखाली. लक्षात राहणारी खूण आणि योग्य कृतीचा क्षण हे दोन्ही एकच असले पाहिजेत, नाहीतर जितकी खूण चांगली तितका अपघात पक्का. म्हणून बेल मी ठेवली, पण नुसता आवाज म्हणून. खूण दुसरी शोधली.

ती खूण म्हणजे एसटीची पाठ. एसटी जवळ उभी असते तेव्हा थांब्यावरच्या मुलाला तिची कूस दिसते. पाठ पूर्ण दिसू लागते ती एसटी पुढे निघून गेल्यावरच. आणि एसटी गेली की तिने झाकलेला रस्ता उघडा पडतो, नाटकाचा पडदा बाजूला सरकावा तसा. तेव्हा अठरा ते बावीस या चार सेकंदांत एसटी निघते, तिची पाठ दिसते, ती लहान लहान होत जाते. नुसती पाठ दिसून भागत नाही, ती लहान झालेली दिसली पाहिजे, कारण एसटीच्या मागोमाग दुसरे वाहन असू शकते. ही गोष्ट शब्दांत सांगायची नाही, चित्रानेच दाखवायची.

बावीस ते पंचवीस : सोनी उजवीकडे पाहते, डावीकडे पाहते, पुन्हा उजवीकडे पाहते आणि चालत निघते. येथे सूचना येईल की दोन्हीकडे बघण्याचे वाक्यही घाला. घालू नये. तो दुसरा धडा झाला. तीस सेकंदांत दोन धडे सांगितले की मूल एकही नेत नाही. सोनी बघते आहे हे दिसू द्या, सांगू नका. पूर्ण रस्ता चालताना दाखवायलाही वेळ नाही. दोन लेनचा रस्ता ओलांडायला पोराला सहासात सेकंद लागतात. दोन पावले दाखवावीत आणि चित्र तोडून पलीकडे आजीजवळ जावे.

शेवटचे पाच सेकंद. आजी म्हणते, "अगं, आज धावत नाही आलीस?" आणि सोनी लांब ठिपक्याएवढ्या झालेल्या एसटीकडे बोट दाखवून म्हणते,

"आजी, आधी एसटीची पाठ, मग आपली वाट!"

तेच शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरांत. झाले तीस सेकंद. शब्द मोजा : आजीचे पाच, सोनीचे सात. बारा शब्द.

हे शेवटचे वाक्य असे का, ते थोडे सांगतो, कारण बहुतेक संहिता येथेच पडतात. पाठ आणि वाट हे यमक आहे, पण यमक कोणालाही जुळवता येते. "वेगाला आवर, जीवाला सावर" अशी शेकडो जुळतात आणि भिंतीवर राहतात, पायात उतरत नाहीत. या वाक्यात आधी आणि मग असा क्रम आहे, मुलाने काय बघायचे ते आहे आणि बघितल्यावर काय करायचे ते आहे. "नको" हा शब्द त्यात नाही. आणि ते निवेदकाने म्हटलेले नाही. भारदस्त आवाजातला उपदेश मुले ऐकत नाहीत, परंतु आपल्याएवढ्या मुलीने आजीला दिलेले उत्तर ती चघळत घरी जातात. खेळताना म्हणता येईल असे वाक्य असले तर ते टिकते.

शेवट गमतीदार करण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. टेम्पोच्या धुळीने सोनीच्या शेजारचे करडू शिंकते, अशी एक कल्पना माझ्या मित्राने मांडली होती. मुले खदखदून हसली असती यात शंका नाही. ती शिंक चौदाव्या सेकंदाला चालेल, अठ्ठाविसाव्याला नाही. जे शेवटी घडते तेच मूल दुसऱ्याला सांगते आणि मग ते करडाची गोष्ट सांगेल, एसटीची नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या लोकल रेल्वेने 2012 साली एक कार्टून गाणे काढले. ते सुमारे तीन मिनिटांचे आहे. मरण्याच्या एकाहून एक वेडगळ तऱ्हा त्यात आहेत आणि ते जगभर पाहिले गेले. त्यात रेल्वेशी संबंध असलेल्या तीन तऱ्हा अगदी शेवटी येतात. लिहिणाऱ्याने जागा बरोबर ओळखली होती. परंतु त्याच्याजवळ गंमत करायला अडीच मिनिटे होती. आपल्याजवळ नाहीत.

संहिता जमली की नाही हे कळावे कसे? पूर्ण कार्टून होण्याची वाट पाहू नये. पंधरावीस चौकटींची साधी रेखाचित्रे काढावीत, घरच्याच कोणाच्या आवाजात संवाद ध्वनिमुद्रित करावेत, चित्रे ठरल्या सेकंदांनुसार एकामागून एक दाखवावीत. तिसरीचौथीच्या मुलांना एकदाच दाखवावे आणि निघून यावे. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारावे, "सोनीने काय केले?" मुले "सोनी गाडीखाली येता येता वाचली" म्हणाली, तर त्यांना गोष्ट कळली, धडा नाही. अशा वेळी दहाव्या ते सतराव्या सेकंदाचा थरार फार झालेला असतो, तो कमी करावा. "रस्त्यात पळू नये" असे म्हणाली, तर शेवट कच्चा आहे. "एसटी जाईपर्यंत थांबली" असे कोणी न सुचवता म्हणाली, तर चित्रकाराला कामाला लावावे. पुढची कसोटी अशी की, एकदा आवाज बंद करून दाखवावे, कारण आज पुष्कळ लोक मोबाईलवर आवाजाशिवाय बघतात. आणि एकदा नुसता आवाज ऐकवावा, कारण घरात दूरदर्शन संच चालू असतो आणि आई पोळ्या लाटत असते. दोन्ही वेळा धडा पोचला पाहिजे. नुसत्या आवाजात करकचून थांबणे, टेम्पो, डबल बेल आणि शेवटचे वाक्य एवढे आहेच.

या संहितेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ती गावच्या थांब्यासाठी आहे. शहरातल्या मोठ्या थांब्यावर एका बसच्या मागे दुसरी उभी असते, तेथे पाठ दिसून काही उपयोग नाही आणि तेथले मूल हे वाक्य पाळील तर संध्याकाळपर्यंत उभे राहील. त्यासाठी वेगळे कार्टून, वेगळा धडा. तसेच हे सगळे मुलीला सांगितले, टेम्पोवाल्याला काय? थांबलेल्या एसटीच्या बाजूने वेग कमी न करता जाणारा तोच तर खरा दोषी. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याच्यासाठी त्याच्या आसनावरून दिसणारे दुसरे तीस सेकंद लिहिले पाहिजेत. दोघांना एकाच कार्टूनमध्ये कोंबले की मूल म्हणते हे मोठ्यांसाठी आहे आणि मोठे म्हणतात हे पोरांसाठी आहे.

शेवटी व्यवहाराची एक बाब. पैसे देणारी संस्था शेवटचे पाच सेकंद आपले नाव, बोधचिन्ह आणि अध्यक्षांचा फोटो यांसाठी मागते. त्यांचेही चूक नाही, पैसे त्यांचे आहेत. पण ते पाच सेकंद गेले तर सोनीचे उत्तर पंचविसाव्या सेकंदाला ढकलले जाते आणि त्यावर फोटो येऊन बसतो. मी सुचवतो ते असे : पहिल्या चौकटीत जी एसटी येते, तिच्या अंगावर किंवा थांब्याच्या पाटीवर संस्थेचे नाव रंगवून टाकावे. तेथे ते तीन सेकंद स्वच्छ दिसते आणि थांब्यावर सोनी उभी असते तेव्हा पुन्हा दिसते. हे संहिता लिहितानाच डावीकडच्या रकान्यात नोंदवून सही घ्यावी. नंतर बोलणी करण्यात अर्थ नसतो.

मागच्या टेबलावर रेघा मारलेले कागद ठेवले आहेत, एकेका कागदावर सोळा चौकटी. टेम्पोवाल्याचे तीस सेकंद कोणाला लिहून पाहावयाचे असतील त्यांनी एकेक घ्यावा. मी सहा वाजेपर्यंत येथेच आहे.